निरोप आधी कोणाला?
(झाशी येथे रेल्वे व डाक कामगारांच्या संयुक्त सभेत शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय बोनसचा नाही, पेन्शनचा नाही, त्यामुळे मागच्या रांगेतले दोन-तीन जण चहाकडे निघालेले आम्हाला दिसताहेत. त्यांनी बसावे. गेल्या वर्षभरात आमच्या टेबलावर जी चार्जशीटे आली, त्यांतली बरीच एका लहानशा गोष्टीमुळे आली आहेत. माणूस ड्यूटीवर येऊ शकला नाही आणि त्याचा निरोप जिथे पोचायला हवा होता तिथे पोचला नाही. निरोप दिला नव्हता असे नाही, दिला होता, पण चुकीच्या दारात टाकला होता.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा झाशी मध्य रेल्वेत होती, बोरीबंदरहून आलेले हुकूम इथे यायचे आणि त्यातले मराठी शेरे वाचायला साहेब आपल्यापैकीच कोणाला तरी बोलवायचे. २००३ साली उत्तर मध्य रेल्वे झाली, आता कागद प्रयागराजहून येतात. स्टेशनाचे नावही वीरांगना लक्ष्मीबाई झाले. ते असो. सांगायचे ते हे, की त्या काळी ड्रायव्हर-गार्डांना उठवायला कॉल बॉय घरी यायचा, वही पुढे करायचा. आजारी असाल तर तिथल्या तिथे त्याला सांगायचे, तो वहीत लिहायचा. बाकीच्यांनी पोराच्या हाती चिठ्ठी पाठवायची, ती थेट सुपरवायझरच्या टेबलावर. निरोपाला एकच दार होते, म्हणून चुकायला जागा नव्हती.

आता खिशात फोन आहे आणि त्यात तीन दारे आहेत. एक सुपरवायझर. दुसरी कार्मिक शाखा, तिलाच हल्ली कोणी एच.आर. म्हणतात, आणि तिच्याकडे जाणारा एच.आर.एम.एस.वरचा रजेचा अर्ज. तिसरे आपले व्हॉट्सअॅप ग्रुप. पहाटे पाच वाजता घरात कोणी आजारी पडले की अंगठा आपोआप जातो तो ग्रुपवर, कारण तिथे एकदाच लिहायचे आणि सगळ्यांना कळते. इथेच गडबड होते.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. यार्ड कोणते, विभाग कोणता, ते सांगणार नाही, आणि ज्याचे प्रकरण आहे तो सभासद आज इथे नाही.

मालगाड्यांचे डबे तपासणाऱ्या यार्डातला हा टेक्निशियन. सोमवारी दुपारी दोनची पाळी. पहाटे चार-पन्नासला गावाहून भावाचा फोन आला, आईला दवाखान्यात नेले आहे. ह्याने पिशवी भरली, बस स्टँड गाठला आणि रिक्षात बसल्या बसल्या ग्रुपवर लिहिले, ‘आईची तब्येत खराब, गावी जातोय.’ एवढेच. ग्रुपमध्ये एकाहत्तर माणसे. अकरा जणांनी हात जोडले, दोघांनी ‘काळजी घे’ लिहिले. आपल्या माणसाला वाटले, निरोप दिला, जबाबदारी संपली.

आता त्या एकाहत्तर माणसांत कोण होते ते पाहा. मोठे सुपरवायझर त्या दिवशी स्वतः रजेवर होते. त्यांच्या जागी काम बघणारे ज्युनियर इंजिनियर ग्रुपमध्ये होते, पण ग्रुप त्यांनी गप्प करून ठेवला होता, कारण सकाळी सहापासून तिथे फुलांची चित्रे आणि सुविचार सुरू होतात. त्या दिवशीही दहा मिनिटांत ह्याचा निरोप चित्रांखाली गेला. आणि निरोपात काय नव्हते? पाळी कोणती ते नव्हते. किती दिवस ते नव्हते. कोणत्या गावी, कोणत्या फोनवर, काही नव्हते.

दुपारी दोन वाजता तपासणीच्या टोळीत एक माणूस कमी निघाला. रेक उभा होता. ज्युनियर इंजिनियरने सकाळच्या पाळीतल्या एकाला हाताला धरून थांबवले. तो सकाळी सहाला आला होता, रात्री दहाला सुटला. सोळा तास. ज्याने ब्रेक रिगिंगखाली वाकून टॉर्च धरली आहे, त्याला सोळावा तास म्हणजे काय ते सांगायला नको. ह्या माणसाने नंतर आम्हाला एकच वाक्य सांगितले, ‘त्याने मला सकाळी नऊ वाजता सांगितले असते, तर मी घरी डबा मागवला असता.’ तक्रार आई आजारी पडल्याची नव्हती. तक्रार डब्याची होती.

दुसऱ्या दिवशी आपल्या टेक्निशियनने दवाखान्यातून ज्युनियर इंजिनियरला फोन केला. दोन मिनिटे चाळीस सेकंद बोलणे झाले. काय बोलणे झाले ह्यावर दोघांचे आजही एकमत नाही. हा म्हणतो, ‘चार-पाच दिवस लागतील’ असे सांगितले. ते म्हणतात, आई आजारी आहे एवढेच सांगितले. लेखी काही नाही. कार्मिक शाखेकडे तर काहीच नाही, ना अर्ज, ना दवाखान्याचा कागद. आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या सोमवारी, तो परत कामावर आला तेव्हा मस्टरमध्ये त्याच्या नावापुढे गैरहजेरीचे सात शेरे होते. कारण सोपे आहे. मस्टर सुपरवायझरच्या हाती असते आणि सुपरवायझरला अधिकृतपणे काहीच माहीत नव्हते. मस्टरवरून महिन्याची गैरहजेरी कार्मिक शाखेला गेली, तिथल्या बिल क्लार्कने त्यांच्या दृष्टीने बरोबरच केले, सात दिवसांचा पगार कापला. आणि पुढच्या महिन्यात एस.एफ.-११ आला, म्हणजे किरकोळ शिक्षेचे चार्जशीट. आरोप नेहमीचाच, विनापरवाना गैरहजर राहून कर्तव्यनिष्ठा राखली नाही, रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ मधील नियम ३ चा भंग.

मित्रहो, किरकोळ शिक्षा हे नाव फसवे आहे. त्यात वेतनवाढ रोखता येते, पास आणि पी.टी.ओ. रोखता येतात. पोराच्या लग्नाला गावी जायचे आणि पास नाही, हे किरकोळ आहे का ते घरच्यांना विचारा.

उत्तर द्यायला दहा दिवस. आम्ही त्याला सांगितले, पुरावा आण. तो फोन घेऊन आला, ग्रुप उघडला, निरोप नाही! कोणीतरी ग्रुपला सात दिवसांत संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय लावून ठेवली होती. ज्याच्या भरवशावर हा गावी गेला, तो निरोप त्याच्या परतण्याबरोबरच हवेत विरला. नशिबाने हात जोडणाऱ्या अकरा जणांपैकी एकाने त्याच सकाळी त्या निरोपाचा फोटो काढून आपल्या बायकोला पाठवला होता, तिची आई त्याच गावची म्हणून. त्यात वेळ दिसत होती. तो एक कागद. दुसऱ्या दिवशीच्या फोनची नोंद, हा दुसरा. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, हा तिसरा. बसचे तिकीट, जे त्याने पाकिटात तसेच ठेवले होते, हा चौथा.

ह्यावर आम्ही जे उत्तर लिहिले त्याचा आधार तुम्हाला माहीत असायला हवा, कारण तो डाक खात्यालाही तितकाच लागू आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात निकाल दिला. परमार हे गुप्तचर विभागातले खालच्या दर्जाचे कर्मचारी. त्यांच्यावरही हाच आरोप, गैरहजेरी म्हणजे कर्तव्यनिष्ठेचा अभाव. न्यायालय म्हणाले, अर्ज न देता किंवा परवानगी न घेता गैरहजर राहणे ही विनापरवाना गैरहजेरी असू शकेल, पण प्रत्येक वेळी ती जाणूनबुजून केलेली असेलच असे नाही. आजार, अपघात, माणसाच्या हाताबाहेरची कारणे असतात. गैरहजेरी जाणूनबुजून होती हे प्रशासनाने सिद्ध केले पाहिजे, ते सिद्ध झाले नाही तर गैरवर्तन ठरत नाही. परमारांना कामावर परत घ्यायचा आणि मागचा निम्मा पगार द्यायचा हुकूम झाला. त्यांचे आचरण नियम १९६४ चे, केंद्र सरकारी नोकरांचे, म्हणजे पोस्टातल्या बांधवांचेही तेच. आपल्या रेल्वेच्या नियमात शब्द जवळजवळ तेच आहेत.

ऐकून टाळ्या वाजवल्यात, ठीक आहे. पण २००४ चा दुसरा निकालही ऐका, तोही सर्वोच्च न्यायालयाचाच, दिल्ली परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा. तिथे न्यायालयाने म्हटले की नुसता अर्ज दिला, आधी दिला किंवा नंतर दिला, एवढ्याने भागत नाही, रजा मंजूर व्हावी लागते. ती माणसे दीर्घकाळ आणि वारंवार गैरहजर होती. आमच्या साध्या वाचनाप्रमाणे दोन्ही निकाल एकत्र ठेवले की एवढेच निघते, निरोप म्हणजे रजा नव्हे. रजा मंजूर करणे प्रशासनाच्या हातात, आणि रजा हक्क म्हणून मागता येत नाही असे रेल्वेचा नियम म्हणतो आणि डाक खात्याचाही. पण निरोप वेळेवर आणि योग्य माणसाला दिला असेल, तर ‘जाणूनबुजून’ हा शब्द तुमच्यावर चिकटत नाही. निरोपाची किंमत तेवढी आहे, आणि ती थोडी नाही.

आमच्या टेक्निशियनचे काय झाले? सात दिवस एल.ए.पी.मध्ये धरले गेले, कापलेला पगार पुढच्या बिलात परत आला, चार्जशीट लेखी ताकिदीवर मिटले. पण सकाळच्या पाळीतला तो सोळा तासवाला अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. त्याचे अपील कोणत्याही अधिकाऱ्याकडे होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या शाखेत ह्यावर दोन मते होती आणि दोन्हींत थोडे तथ्य आहे.

एक गट म्हणतो, आधी कार्मिक शाखेला कळवा. पगार तेच कापतात, फाइल त्यांच्याकडे, रेकॉर्ड त्यांचे, सुपरवायझर काय, आज गोड बोलेल, उद्या नाकारेल. बरोबर. पण कार्मिक शाखा सकाळी साडेनऊ-दहाला उघडते. तुमची गाडी सहाची आहे. कार्मिक शाखेतल्या क्लार्कला तुमच्या जागी माणूस उभा करता येत नाही, त्याला ते माहीतही नसते की तुमच्या गेटवर रात्रपाळीचा गेटमन आठ वाजता सुटायची वाट बघत उभा आहे. एका सभासदाने असेच केले, रात्री एच.आर.एम.एस.वर अर्ज टाकला आणि झोपला. अर्ज सुपरवायझरच्या खात्यात गेला, सुपरवायझरने तो दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. तोपर्यंत मस्टरमध्ये शेरा पडला होता. अर्ज म्हणजे कागद, आणि कागद चालायला वेळ घेतो. रिकामी जागा एका तासात भरायची असते.

दुसरा गट म्हणतो, आधी ग्रुप. सत्तर साक्षीदार असतात, साहेबाला नंतर ‘मला सांगितलेच नाही’ म्हणता येत नाही. हे मत आम्हाला खरे तर अर्धे पटते. असे साहेब आहेत, आम्ही पाहिले आहेत. पण साक्षीदार म्हणून ग्रुप चांगला असला तरी निरोपाचे ठिकाण म्हणून वाईट आहे. ग्रुपमध्ये कोणी वाचले तर सगळ्यांनाच वाटते दुसऱ्याने सांगितले असेल. आणि एक गोष्ट बायकांच्या बाजूने सांगतो. आमच्या एका महिला सभासदाने आपल्या शस्त्रक्रियेचे कारण ग्रुपवर लिहिले, आणि तो मजकूर कुठल्या कुठे फिरला. आजाराचे नाव ग्रुपवर टाकू नका. तिथे ‘तब्येत ठीक नाही’ एवढे पुरे. कारण डॉक्टरला आणि रजेच्या अर्जाला.

तर आमचे मत स्पष्ट आहे. पहिला निरोप त्या माणसाला, जो पुढच्या तासाभरात तुमच्या जागी दुसरा उभा करू शकतो. बहुतेक ठिकाणी तो तुमचा ड्यूटीवरचा सुपरवायझर असतो. ‘ड्यूटीवरचा’ हा शब्द ध्यानात ठेवा. तुमचे मोठे सुपरवायझर रजेवर असतील, तर त्यांच्या घरच्या फोनवर केलेला फोन म्हणजे शेजाऱ्याला सांगण्यासारखे.

रनिंगवाल्यांना हा माणूस म्हणजे लॉबीतला क्रू कंट्रोलर, चीफ लोको इन्स्पेक्टर नव्हे. कॉल साधारण दोन तास आधी येतो. तो कॉल येण्याच्या आधी कळवलेत तर कंट्रोलर बोर्डावरचा पुढचा क्रू घेतो, कोणाचे काही बिघडत नाही. कॉल घेतलात आणि अर्ध्या तासाने कळवलेत तर गाडी उभी राहते, आणि ते डिटेन्शन कोणाच्या नावावर लिहिले जाईल ते तुम्हीच सांगा. स्टेशन मास्तरांना तो माणूस बहुधा कंट्रोलचा असतो, कारण रेस्ट गिव्हर कुठे आहे ते कंट्रोललाच माहीत. ट्रॅकवरच्यांना मेट आणि त्याच्या वर पी.वे.चा इंजिनियर. मेटला सांगितले आणि मेट पुढे सांगायला विसरला असे आम्ही दोनदा पाहिले, म्हणून ट्रॅकमनने दोघांनाही सांगावे.

पोस्टातल्या बांधवांचेही गणित तेच आहे. पोस्टमन आला नाही तर त्याचे बीट शेजारच्याला जोडावे लागते, आणि हे काम सकाळी टपाल वाटून बाहेर पडायच्या आत व्हायला हवे. म्हणून पोस्टमास्तर. डिव्हिजनल ऑफिसला मेल टाकून पोस्टमास्तरला न सांगणे म्हणजे बीटवरचे स्पीड पोस्ट आणि मनीऑर्डर दिवसभर पडून राहणे. इथे झाशीत आर.एम.एस.च्या ‘एक्स’ डिव्हिजनचे बांधव बसले आहेत. त्यांच्या सेटमध्ये एक सॉर्टर कमी पडला तर बाकीचे रात्रभर उभे राहून बॅगा उघडतात, म्हणून त्यांनी सेटच्या प्रमुखाला आधी सांगावे. ग्रामीण डाक सेवकांचे दुःख वेगळे आहे, त्यांना बदली माणूस उभा करण्याची जबाबदारी स्वतःच्याच अंगावर येते. त्यावर वेगळी सभा घ्यावी लागेल.

तुमच्या डेपोत किंवा ऑफिसात कोणाला कळवायचे ह्याचा लेखी हुकूम निघालेला असेल तर आमचे मत बाजूला ठेवा आणि तो हुकूम पाळा. नोटीस बोर्डावर बघा. जिथे असा हुकूम नाही तिथे आम्ही शाखेतर्फे लेखी मागणी केली आहे की प्रत्येक पाळीसाठी एक फोन नंबर ठरवून बोर्डावर लावावा. तो नंबर माणसाचा नसावा, खुर्चीचा असावा. साहेब बदलला तरी नंबर तोच.

फोन करा. आधी फोन, मग लगेच त्याच माणसाला वैयक्तिक लेखी निरोप. फोन म्हणजे काम झाले, लेखी म्हणजे पुरावा राहिला. फक्त लेखी पाठवलेत तर निळ्या खुणा पाहून समाधान मानू नका. काहींनी त्या खुणा बंद ठेवलेल्या असतात, आणि दोन करड्या खुणा म्हणजे निरोप फोनपर्यंत पोचला, माणसापर्यंत नव्हे. फोन उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करा, मग त्याच्या वरच्याला. ह्या कॉलची नोंद फोनमधून पुसू नका. निरोपाचा फोटो काढून दुसऱ्या कोणाकडे पाठवून ठेवा, घरच्यांकडेच पाठवा. चौकशीत कोर्टासारखे पुराव्याचे कडक नियम लावत नाहीत, वेळ दिसणारा फोटो आणि कॉलची नोंद चौकशी अधिकारी पाहतो.

निरोप कसा लिहायचा ते टेक्निशियनच्या निरोपावरून शिका. त्याने लिहायला हवे होते ते असे:

‘मी अमुक, टेक्निशियन, आज सोमवार, दुपारी २ ची पाळी. आई दवाखान्यात, मला गावी जावे लागत आहे. आजपासून साधारण ४ दिवस येऊ शकणार नाही. रजेचा अर्ज आज पाठवतो. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा कळवीन. हा फोन चालू राहील.’

इथे बहुतेक साहेब हिंदी आहेत, तेव्हा हिंदीत लिहा, मराठीत लिहून त्यांच्याकडून वाचून घ्यायची सक्ती करू नका, हा अभिमान दाखवायची जागा नव्हे. ‘गुरुवारी पुन्हा कळवीन’ ह्या ओळीला आम्ही सगळ्यात जास्त किंमत देतो. माणूस पहिल्या दिवशी कळवतो, पण चौथ्या दिवशी विसरतो, आणि चार्जशीट बहुतेक वेळा पहिल्या दिवसावर नव्हे, पाचव्या दिवसावर बनते.

आता कार्मिक शाखा. तिचा नंबर दुसरा, पण तो त्याच दिवशी लागला पाहिजे, आठवड्याने नव्हे. एच.आर.एम.एस.वर अर्ज टाका, त्याचा क्रमांक लिहून ठेवा. आजारपण असेल तर रेल्वे डॉक्टरच्या हद्दीत असताना सिक मेमो घेऊन रेल्वे दवाखान्यात जा, खासगी डॉक्टरचे सर्टिफिकेट तिथे चालवून घेतले जाईल ह्या भरवशावर बसू नका. हद्दीबाहेर असाल, म्हणजे गावी असाल, तर नोंदणीकृत डॉक्टरचे सर्टिफिकेट अठ्ठेचाळीस तासांच्या आत द्यायचे असते, असे रेल्वेचा वैद्यकीय मॅन्युअल सांगतो. हे अठ्ठेचाळीस तास फार जणांचा घात करतात. माणूस बरा होऊन पंधरा दिवसांनी येतो आणि एकदमच सगळे कागद देतो, आजाराचा आणि फिटनेसचा एकाच तारखेचा, एकाच शाईतला. मग साहेबाला शंका आली तर दोष कोणाचा? सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी पाठवा, मूळ कागद स्पीड पोस्टने, आणि पावती सांभाळा. पोस्टातले बांधव हसताहेत, त्यांचा धंदा वाढतो म्हणून. पण रजेचे डाक खात्यातले नियमही सर्टिफिकेटशिवाय वैद्यकीय रजा देत नाहीत, हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

आणि ग्रुप तिसरा. तिथे एक ओळ, ‘आज दुपारच्या पाळीला मी नाही, सुपरवायझरला कळवले आहे.’ ह्या ओळीने सोळा तासवाल्याला डबा मागवता येतो, आणि जिथे साहेब नाकारणारा असेल तिथे साक्षही राहते. असा साहेब असेल तर वैयक्तिक निरोपानंतर दोन मिनिटांत ग्रुपवर ही ओळ टाका, आम्ही नाही म्हणणार नाही. फक्त क्रम उलटा करू नका.

ज्यांचे सुपरवायझरशी भांडण आहे त्यांच्यासाठी एक सांगतो. भांडण असले तरी पहिला फोन त्यालाच. रागाने त्याला वगळून वर कळवलेत तर तुम्हीच त्याला लेखी तक्रार करायची संधी दिलीत. त्याला फोन करा, लगेच लेखी निरोप द्या, आणि त्याच निरोपाची प्रत त्याच्या वरच्याला. त्यावर त्याला बोलायला जागा राहत नाही.

शेवटी एक प्रश्न आला होता, भाषणाच्या आधीच चिठ्ठीवर. विचारणारे गेटमन आहेत, त्यांच्या गेटवर मोबाइलला रेंजच नाही, आणि ड्यूटीवर असतानाच त्यांना ताप भरला. त्यांनी काय करायचे? गेटवरचा स्टेशन मास्तरांशी जोडलेला फोन आहे, तोच वापरायचा. ज्या फोनवर गेट बंद केल्याचा प्रायव्हेट नंबर देता, त्याच फोनवर मास्तरांना सांगायचे, वेळ सांगायची, आणि मास्तरांना विचारायचे, डायरीत लिहिलेत का? त्यांनी ‘लिहिले’ म्हटले की आपल्या गेटच्या रजिस्टरमध्येही तीच वेळ लिहायची. रिलीफ येईपर्यंत गेट सोडायचे नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. रिलीफ किती वाजता निघाला हेही मास्तरांकडून विचारून त्याच पानावर लिहा.

चिठ्ठीवाले भाऊ मागे उभे आहेत, त्यांनी चहाच्या वेळी आम्हाला भेटावे. त्यांच्या गेटचा फोन गेले तीन आठवडे बंद आहे असे चिठ्ठीच्या मागे लिहिले आहे, आणि ते अर्जाने नाही, आज संध्याकाळीच प्रत्यक्ष जाऊन बोलायचे आहे.